पाटी छापायला देण्याआधी धनी शोधा

मरोळ मरोशी रोडच्या एका गल्लीत माझं टायपिंगचं आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. दिवसभर लोक पाट्या, सूचना, हँडबिलं, वाढदिवसाचे बॅनर घेऊन येतात. खरं तर हल्ली येत नाहीत, व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि खाली लिहितात, "ताई, आहे तसंच छापा." हे आवाहन त्या "आहे तसंच"बद्दल आहे.

2022 साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असंही ठरलं. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे पाट्यांचा ढीग लागला. कायदा लिपी बघतो, अक्षराची उंची बघतो. पाटीवर 'ताजा भाजी' लिहिलं म्हणून तो कुणाला नोटीस धाडत नाही. ते बघायचं काम आपलंच आहे.

तेव्हापासून मी चुकांकडे जरा नीट पाहू लागले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतातच, पण त्या बहुतेकांना दिसत नाहीत. दिसते, खटकते आणि हसू आणते ती विशेषणाची चूक. नवा शाखा. जुना सामान. मोठा घर. मराठी घरातलं पाच वर्षांचं पोर बोलताना अशी चूक करत नाही, आणि पदवीधर माणूस मोबाईलवर लिहिताना सर्रास करतो. का करतो आणि ती कशी टाळायची, ते एका पाटीवरून सांगते.

कोळणीच्या मुलाची पाटी

मरोळचा सुक्या मासळीचा बाजार मुंबईत लांबलांबच्या लोकांना माहीत आहे. तिथे बसणाऱ्या एका मावशींच्या मुलाने वेगळं दुकान काढायचं ठरवलं. मुलगा इंग्रजी शाळेत शिकलेला, हुशार, कामाला वाघ. त्याने मजकूर पाठवला तो असा:

सुका बोंबील, सुका वाकट्या, ताजा कोळंबी, साफ केलेला सोडे. जुना ग्राहकांना खास सूट. दुसरा गल्लीत नवा दुकान.

मी त्याला फोन करून बोलावलं. चूक दाखवली नाही. म्हटलं, "तुझी आई गिऱ्हाइकाला हाका मारते ना, तशी मारून दाखव." आधी लाजला, मग म्हणाला, "सुके बोंबील घ्या, सुक्या वाकट्या घ्या, ताजी कोळंबी आहे..." आणि मध्येच थांबला. स्वतःच मोबाईलकडे बघून म्हणाला, "अरे, हे मी काय लिहिलंय!"

म्हणजे जिभेला सगळं येत होतं. लिहिताना मात्र त्याने प्रत्येक विशेषण कोशात असतं तसं उचललं आणि नामाला चिकटवलं. कोशात सुका, ताजा, जुना, नवा अशीच रूपं असतात, म्हणजे पुल्लिंगी एकवचनी. ती पुढच्या नामाप्रमाणे बदलायची राहिली. बोलताना नाम डोक्यात आधीच तयार असतं, म्हणून विशेषण आपोआप वळतं. अंगठ्याने एकेक शब्द टाइप करताना 'सुका' आधी उमटतो, 'वाकट्या' नंतर येतात, आणि मागे जाऊन दुरुस्त कोण करतं?

धनी म्हणजे कोण

व्याकरणात विशेषण ज्या नामाबद्दल बोलतं त्याला विशेष्य म्हणतात. मी गिऱ्हाइकांना सांगताना त्याला विशेषणाचा धनी म्हणते. धनी पुरुष की बाई की नपुंसक, एक की अनेक, हे बघून विशेषण कपडे बदलतं. मराठीत लिंगं तीन आणि वचनं दोन, म्हणजे घरं सहा. 'ताजा' घेऊन ती भरली की अशी दिसतात:

ताजा मासा, ताजे मासे.
ताजी भाजी, ताज्या भाज्या.
ताजे फळ, ताजी फळे.

बोलताना शेवटच्या ओळीतलं 'ताजे' आपण 'ताजं' म्हणतो आणि 'फळे'ला 'फळं' म्हणतो. पाटीवर दोन्ही चालतं, पण एकाच पाटीत एक ओळ 'ताजे फळ' आणि खालची 'ताजं दूध' असं करू नका. एक काहीतरी ठरवा.

आता ही सहा घरं पुन्हा बघा. रूपं सहा नाहीत, चारच आहेत. 'ताजे' दोनदा आलंय, मासे अनेक असताना आणि फळ एक असताना. 'ताजी'ही दोनदा आलंय, भाजी एक असताना आणि फळं अनेक असताना. गोंधळ इथेच होतो. 'ताजी फळे' लिहिलं की एखादं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "ताई, फळे अनेक आहेत, मग ताजे करा ना." नाही करायचं. फळ नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन घेतलं की विशेषणाला ई लागते. मोठी घरे, जुनी पुस्तके, कोरी पाने.

जुनी पुस्तकं चाळली तर हा गोंधळ तिथे कमी दिसेल. तेव्हा नपुंसकलिंगी रूपांवर अनुस्वार असायचा. मासे 'ताजे' आणि फळ 'ताजें', भाजी 'ताजी' आणि फळें 'ताजीं'. डोक्यावरचा ठिपका सांगायचा की धनी नपुंसक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली शासनाने स्वीकारले आणि उच्चारात न उरलेले असे अनुस्वार गेले. लिहिणं सोपं झालं, पण ठिपक्याने मिळणारी ओळख गेली. आता ओळख पटवायला नामाकडेच बघावं लागतं.

नामाचं लिंग कळायला एकच विश्वासाची युक्ती आहे. त्याच्या आधी तो, ती, ते लावून मोठ्याने म्हणा. तो बोंबील, ती वाकटी, ते दुकान. कान लगेच सांगतो. मुलाच्या पाटीत 'नवा दुकान' होतं. 'तो दुकान' म्हणून बघ म्हटल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. ते दुकान, म्हणून नवे दुकान.

बोंबलाची गंमत वेगळी आहे. बोंबील एक असो की शंभर, शब्द बदलत नाही. दगड, ग्राहक, केस हे शब्दही तसेच. अशा ठिकाणी एक की अनेक हे फक्त विशेषण सांगतं. 'सुका बोंबील' म्हणजे एक, 'सुके बोंबील' म्हणजे अनेक. माल म्हणून सगळ्या बोंबलांना मिळून 'बोंबील महाग झाला' असं आपण म्हणतो, त्या अर्थाने भावफलकावर 'सुका बोंबील' लिहिलं तर ते चूक नाही. पण 'सुक्या वाकट्या'च्या शेजारी लिहायचं तर 'सुके बोंबील' शोभतं. दोन्हीकडे अनेकवचन राहतं.

'साफ केलेला सोडे'मधलं 'केलेला'सुद्धा विशेषणच आहे, क्रियापदापासून झालेलं. सोडे अनेक, म्हणून 'केलेले'. निवडलेले तांदूळ, वाळवलेली मासळी, भाजलेले दाणे, सोललेल्या शेंगा. लेला-लेली-लेले दिसलं की पुढे धनी बघायचा, नियम तोच.

'या' लागतं तेव्हा

राहिली 'जुना ग्राहकांना' आणि 'दुसरा गल्लीत'. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही, आणि सुधारायला सगळ्यात सोपीही हीच.

नामाला ला, ना, ने, चा, त, वर, साठी, जवळ यांपैकी काही चिकटलं की त्याच्या आधीच्या विशेषणाच्या शेवटी 'या' येतो. तिथे लिंगही बघायचं नाही आणि वचनही नाही. जुन्या ग्राहकाला, जुन्या ग्राहकांना, जुन्या वहीत, जुन्या वह्यांमध्ये, जुन्या घरात, जुन्या घरांसाठी. सहाच्या सहा घरांना एकच कुलूप आणि एकच किल्ली. म्हणून मी सांगते, मजकूर तपासताना आधी अशी नामं शोधा. अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

टाइप करताना एक काळजी घ्या. विशेषण 'रा'ने संपत असेल तर 'ऱ्या' लिहायचं, रफार न देता अर्धा र आडवा काढायचा. दुसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या गाडीजवळ, खाऱ्या पाण्यात. घाईत टाइप केलं की 'दुसर्या' उमटतं आणि र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, सूर्यावर बसतो तसा. 'असा, कसा, तसा' यांचं मात्र अशा, कशा, तशा होतं.

एका ओळीत दोन-तीन विशेषणं आली की खरी परीक्षा. मघाशी मी लिहिलं, 'मरोळचा सुक्या मासळीचा बाजार'. यात 'मरोळचा' आणि 'मासळीचा' यांचा धनी बाजार आहे. चा-ची-चे लागलेला शब्द विशेषणासारखाच वागतो. तो बाजार, म्हणून चा. 'सुक्या'चा धनी मात्र बाजार नाही, मासळी आहे. एरवी 'सुकी मासळी' झाली असती, पण इथे मासळीला 'चा' चिकटलाय, म्हणून 'सुक्या'. आता बाजाराला 'त' लावून बघा: 'मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात'. 'मरोळचा'चं 'मरोळच्या' झालं, 'मासळीचा'चं 'मासळीच्या' झालं, कारण त्यांच्या धन्याला प्रत्यय लागला. 'सुक्या' जागचं हललं नाही, कारण ते आधीच वळलेलं होतं. उलट कुणी 'सुका मासळीचा बाजार' लिहिलं तर अर्थ होतो, बाजारच सुका आहे. एका अक्षराने पावसाळ्यात बाजार कोरडा करता येतो!

न बदलणारी मंडळी

त्या मुलाच्या मजकुरात दोन शब्द बिनचूक होते, 'साफ' आणि 'खास'. कारण ते कधीच बदलत नाहीत. खास माणूस, खास सूट, खास सवलती, खास ग्राहकांना. व्याकरणात यांना अविकारी विशेषणं म्हणतात.

ओळखायचं कसं? विशेषण 'मुलगा' किंवा 'माल' अशा पुल्लिंगी एकवचनी नामापुढे ठेवा. तिथे त्याच्या शेवटी आ आला तर ते बदलणारं. चांगला माल, म्हणून चांगली, चांगले, चांगल्या. आ आला नाही तर ते तसंच राहणार. स्वस्त माल, स्वस्त भाजी, स्वस्त दुकाने, स्वस्त दुकानांत. महाग, गरम, थंड, गोड, कडू, सुंदर, लहान, मोफत, सर्व, घरगुती, टिकाऊ ही सगळी याच जातीची.

'मुलगा' लावून बघायचं कारण रंगांमध्ये कळतं. पिवळी साडी आणि गुलाबी साडी, दोन्हीच्या शेवटी ई. पण शर्ट आणा. 'पिवळा शर्ट' झाला, 'गुलाबी शर्ट' गुलाबीच राहिला. साड्या आणल्या तर 'पिवळ्या साड्या', पण 'गुलाबी साड्या'. काळा, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, भगवा बदलतात. लाल, गुलाबी, केशरी, आकाशी, राखाडी, तपकिरी बदलत नाहीत. सरकारी, खाजगी, देशी, परदेशी यांची ईसुद्धा अशीच पक्की. म्हणून नुसती ई बघून 'हे स्त्रीलिंगी' असं ठरवू नका.

या परीक्षेला थोडे अपवाद आहेत, ते नावानिशी पाठ असावेत. गणपतीच्या दिवसांत 'जादा गाड्या' सुटतात. 'जादा'च्या शेवटी आ आहे, पण 'जादी गाडी' कुणी म्हणत नाही आणि 'जाद्या गाड्यांना'ही नाही. 'सव्वा' तसाच, सव्वा रुपया, सव्वा रुपयाला. बँकेच्या पासबुकातली 'जमा रक्कम' आणि 'जमा रकमेवर' तसंच.

दुसरी एक सावधगिरी. न बदलणारं विशेषण धन्याला सोडून एकटं उभं राहिलं की ते नाम होतं आणि मग नामासारखं प्रत्यय घेतं. 'ज्येष्ठ नागरिकांना सवलत' इथे ज्येष्ठ तसाच, पण नागरिक काढला की 'ज्येष्ठांना सवलत'. 'गरीब विद्यार्थ्यांना' आणि 'गरिबांना'. दोन्ही बरोबर. 'ज्येष्ठांना नागरिकांना' मात्र नको.

या मंडळींचा पाटीवर फायदाही होतो. तुम्हाला शंका आली आणि वेळ नसेल, तर बदलणाऱ्या शब्दाऐवजी न बदलणारा घ्या. 'नवा' अडला तर 'नवीन' लिहा. नवीन दुकान, नवीन शाखा, नवीन शाखेत, नवीन ग्राहकांसाठी, कुठेही बसतो. 'सगळा'ऐवजी 'सर्व', 'छोटा'ऐवजी 'लहान'. ही पळवाट आहे हे मला माहीत आहे. पण भिंतीवर दहा फुटी चूक लटकण्यापेक्षा पळवाट बरी.

चूक येते कुठून

मरोळमध्ये गल्लीगल्लीत हिंदी चालते. ते असायचंच. मी स्वतः दिवसभर निम्म्या गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलते. पण हिंदीचं विशेषण मराठीपेक्षा वेगळ्या रीतीने वळतं, आणि ती रीत हळूच आपल्या पाटीत शिरते. शिरायच्या वाटा तीन आहेत.

पहिली, हिंदीत 'ताजा' अनेकदा न बदलताच वापरतात. तिथे खबर स्त्रीलिंगी असूनही 'ताजा' चालतं. मराठीत 'ताजा' पूर्ण बदलणारा आहे. ताजी बातमी, ताज्या बातम्या. 'ताजा भाजी' आणि 'ताजा कोळंबी' तिकडून आल्या.

दुसरी, हिंदीत स्त्रीलिंगी नाम अनेकवचनी झालं तरी विशेषण एकवचनातल्यासारखंच राहतं. मराठीत ते बदलतं. म्हणून 'ताजी भाज्या', 'मोठी गाड्या', 'जुनी वह्या' असं लिहिलेलं दिसतं. ताज्या भाज्या, मोठ्या गाड्या, जुन्या वह्या.

तिसरी, हिंदीत नपुंसकलिंग नाही. आपलं घर, दही आणि सामान तिकडे पुल्लिंगी, आपलं पुस्तक आणि दुकान तिकडे स्त्रीलिंगी. सोसायटीच्या सूचनेत 'जिन्यात जुना सामान ठेवू नये' हे वाक्य मी इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता हात आपोआप 'जुने सामान' टाइप करतो. ते सामान, ते घर, ते दही. 'मोठा घर'चा उगम हाच.

इंग्रजी शब्दांनाही आपण आपलं लिंग देतोच. ती बस, ती लिफ्ट, ते स्टेशन, तो मोबाईल. मरोळ नाक्यावर 2014 पासून मेट्रो पुलावरून धावते आणि 2024 पासून जमिनीखालूनही. गिऱ्हाइकाला रस्ता सांगताना मी म्हणते, वरच्या मेट्रोने या की खालच्या मेट्रोने, दुकान सारखंच लांब. मेट्रो ती, म्हणून 'वरची मेट्रो', आणि 'ने' लागला की 'वरच्या'. पण 'स्थानक' लिहिलं की धनी बदलला. मग वरचे स्थानक, खालचे स्थानक.

दोन धनी, आणि मोठी माणसं

एका विशेषणापुढे दोन वेगळी नामं आली की विशेषण जवळच्या धन्याचं ऐकतं. 'ताजी फळे व भाज्या' यात 'ताजी' फळांची आहे. क्रम उलटा केला तर 'ताज्या भाज्या व फळे'. दोन्ही बरोबर, पण दुसऱ्या नामावर थोडा अन्याय होतो आणि वाचणारा क्षणभर अडखळतो. पाटीवर जागा असेल तर विशेषण दोनदा लिहा: ताजी फळे, ताज्या भाज्या. जागा नसेल तर न बदलणारं घ्या.

वाढदिवसाच्या बॅनरवर आदर आडवा येतो. आदराने बोलताना आपण एका माणसालाही अनेकवचन देतो. आमचे लाडके दादा, आमच्या लाडक्या ताई. घरच्या आपुलकीने लिहायचं तर 'आमची लाडकी ताई'. दोन्ही चालतात, पण पुढचं क्रियापद त्याच घरातलं हवं. 'आमच्या लाडक्या ताई आज पन्नाशीत पोहोचल्या' किंवा 'आमची लाडकी ताई आज पन्नाशीत पोहोचली'. 'आमची लाडक्या ताई' कुठल्याच घरात बसत नाही.

लाडकीवरून आठवलं. 2024 साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' आली आणि माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला रांग लागली. त्या वेळी एकाने विचारलं, 'लाडकी बहीण योजनेचा हप्ता' लिहायचं की 'लाडक्या बहीण योजनेचा'? लिहायचं 'लाडकी बहीण योजनेचा', कारण इथे 'लाडकी बहीण' हे योजनेचं नाव आहे, आणि नावाला आपण हात लावत नाही. पण बायकांबद्दल बोलायचं असेल तर 'लाडक्या बहिणींना हप्ता मिळाला'. 'नवी मुंबईत' आणि 'काळा घोडा परिसरात' हेही त्याच कारणाने तसेच राहतात. नाव गोठलेलं असतं. तुमच्या दुकानाचं नाव 'नवा बाजार' असेल तर पिशवीवर 'नवा बाजारमध्ये' छापलं तरी कुणी चूक काढू नये.

मागणं एवढंच

बोलताना कुणाला टोकू नका. बाजारात जो जसं बोलतो तसं बोलू द्या. मराठी शिकणारा भैया 'ताजा भाजी' म्हणत असेल तर भाजी घ्या आणि पुढे व्हा. मी सांगतेय ते फक्त छापण्याबद्दल. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, फ्लेक्स वर्षभर भिंतीवर राहतो.

मलाही हे सुरुवातीला समजलं नव्हतं. धंद्यात नवीन असताना मी एकदा 'आहे तसंच' छापलं. दहा बाय तीन फुटांची पाटी, वर ठळक 'नवा शाखा'. गिऱ्हाइकाने लावल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या शाळेतल्या मुलांनी खाली उभं राहून 'तो शाखा, तो शाखा' करत खिदळायला सुरुवात केली. पाटी मी माझ्या खर्चाने पुन्हा छापली. तेव्हापासून छपाईला देण्याआधी तीन गोष्टी बघते, त्याच तुम्हीही बघा. एक, विशेषणाचा धनी कोण, आणि त्याला तो, ती, ते लावून बघा. दोन, विशेषण 'मुलगा'पुढे ठेवा. आ येत नसेल तर सोडून द्या, येत असेल तर धन्याप्रमाणे वळवा. तीन, धन्याला काही चिकटलं आहे का बघा. चिकटलं असेल तर शेवटी 'या'. पाटीभर मजकुराला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि मग घरातल्या कुणा मोठ्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, कारण डोळा चूक माफ करतो, कान करत नाही.

त्या मुलाची पाटी शेवटी अशी झाली:

सुके बोंबील, सुक्या वाकट्या, ताजी कोळंबी, साफ केलेले सोडे. जुन्या ग्राहकांना खास सूट. दुसऱ्या गल्लीत नवे दुकान.

छपाईला देण्याआधी त्याने आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून सगळं वाचून दाखवलं. मावशींनी विशेषणांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना खटकलं ते दुसरंच. म्हणाल्या, "जवळा कुठे गेला रे?" पोराने माझ्याकडे बघितलं, मोबाईल हातात घेतला, 'सुका' टाइप केलं, थांबला, पुटपुटला, "तो जवळा", आणि मग पुढचा शब्द लिहिला.